सुट्या टिपणांतून प्रबंधाचं प्रकरण: जोडशब्दांनी बांधायचा आराखडा

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला खर्डा परत आला, तेव्हा सहाव्या पानाच्या समासात सरांनी पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती: ‘हे सगळं खरं आहे, पण आपण चाललोय कुठे?’ प्रकरण होतं १९७२च्या दुष्काळातल्या सरकारी कामांवर आणि त्यानंतर आलेल्या रोजगार हमी कायद्यावर. टिपणं भरपूर होती. ऑब्सिडियन या टिपणं ठेवायच्या ॲपमध्ये प्रत्येक टिपणात एकच मुद्दा आणि मुद्द्यामुद्द्यांत दुवे, अशी दोन वर्षं जमवलेली. खर्डा लिहिताना मी एक टिपण उघडलं आणि त्यातल्या दुव्यांवरून पुढे पुढे गेलो. पाझर तलावावरून नालाबांधावर, तिथून खडी फोडण्यावर, खडीवरून मुकादमावर, मुकादमावरून हजेरीपटावर, हजेरीपटावरून मजुरीच्या दरावर, तिथून कामावरच्या बायकांवर आणि त्यांच्या मुलांना मिळणाऱ्या सुकडीवर. यातली प्रत्येक उडी बरोबर होती. सगळ्या मिळून वाट मात्र झाली नव्हती.

हे असं का होतं ते आधी समजून घेतलं, की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात. आपण दोन टिपणं जोडतो तेव्हा ‘यांचा एकमेकांशी संबंध आहे’ एवढंच नोंदवतो. संबंध कसला, हे दुव्यात नसतं. आधी कोणतं सांगायचं, तेही नसतं. निक्लास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञानं आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांची पेटी जमवली. या पद्धतीची चर्चा बहुधा त्याच्यापासूनच सुरू होते. त्या पेटीतही चिठ्ठ्या एखाद्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेप्रमाणे लावलेल्या नव्हत्या. नवी चिठ्ठी तिच्याशी संबंध असलेल्या जुन्या चिठ्ठीच्या मागे जायची, आणि लांबच्या चिठ्ठीचा हवाला नुसत्या क्रमांकानं द्यायची. पुस्तक करायचं तर त्याचा क्रम वेगळा लावावाच लागे. प्रकरणाचा क्रम टिपणांच्या जाळ्यात दडलेला नसतो. तो आपण ठरवायचा असतो, आणि ठरवायचं साधन म्हणजे मराठीतले साधे जोडशब्द: म्हणून, पण, कारण, म्हणजे, त्याआधी.

पुढे माझंच प्रकरण उदाहरण म्हणून घेतो. ऑब्सिडियन नसेल, कागदाच्या चिठ्ठ्या असतील, तरी पायऱ्या त्याच.

पहिली पायरी: प्रकरणाचा प्रश्न एका वाक्यात

‘१९७२चा दुष्काळ आणि रोजगार हमी’ हा विषय झाला. विषयाखाली सगळीच टिपणं बसतात, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे तो सांगू शकत नाही. प्रश्न सांगू शकतो. माझा प्रश्न शेवटी असा झाला: ‘दुष्काळी कामं म्हणजे पाऊस पडला की बंद करायची तात्पुरती मदत. मग महाराष्ट्रात तिचं मागता येईल अशा कायमच्या हक्कात रूपांतर कसं झालं?’ या वाक्यातल्या ‘तात्पुरती’ आणि ‘कायमच्या’ या दोन शब्दांनी पुढचं निम्मं काम केलं.

प्रश्न नीट झाला आहे का हे पाहायला, हाताला लागतील ती पाच टिपणं घ्या आणि प्रत्येकाला विचारा: तुझ्याशिवाय या प्रश्नाचं उत्तर अडेल का? पाचही टिपणं ‘हो’ म्हणाली, तर तो प्रश्न नाही, अजून विषयच आहे.

दुसरी पायरी: गोळा करणं

एक नवी फाइल काढा. माझी होती `प्रकरण ३ आराखडा`. प्रश्नाच्या अगदी जवळची तीन-चार टिपणं त्यात वर लिहा. मग प्रत्येकाचे दुवे दोन पावलांपर्यंत चालून जा आणि जे सापडेल ते खाली उतरवत चला, एका ओळीवर एक टिपण. तिसऱ्या पावलावर जाऊ नका. तिथे बहुतेक वेळा दुसरं प्रकरण सुरू होतं. माझे मजुरीच्या दराचे दुवे तिसऱ्या पावलाला थेट शेतमजुरांच्या किमान वेतनात घुसत होते.

उजवीकडच्या पट्टीतली `Backlinks` आणि `Outgoing links` ही दोन्ही दालनं उघडी ठेवा. `Backlinks` खालच्या `Unlinked mentions` मध्ये, दुवा द्यायचा राहून गेलेली टिपणंही दिसतात. मराठी टिपणांत इथे दोन अडचणी येतात, त्या जरा सविस्तर सांगतो, कारण इंग्रजी मार्गदर्शकांत त्या सापडणार नाहीत.

पहिली अडचण नावांची. एकाच गोष्टीला मी कुठे ‘रोहयो’ लिहिलं होतं, कुठे ‘रोजगार हमी’, तर इंग्रजी अहवालांवरून काढलेल्या टिपणांत `EGS`. संगणकासाठी हे तीन वेगळे विषय. मुख्य टिपणाच्या माथ्यावर पर्यायी नावं नोंदवली, की ते सगळे उल्लेख एका ठिकाणी दिसायला लागतात:

```yaml
---
aliases:
  - रोहयो
  - रोजगार हमी
  - EGS
---
```

दुसरी अडचण विभक्तीची. ‘कायदा’ वाक्यात आला की ‘कायद्यात’, ‘कायद्यानं’, ‘कायद्याचा’ होतो, आणि ‘कायदा’ शोधून ती टिपणं सापडत नाहीत. म्हणून शोधताना शब्द जिथपर्यंत बदलत नाही तिथपर्यंतच लिहायचा: `कायद`. एवढ्या तुकड्यानं सगळी रूपं सापडतात, सोबत ‘कायदेशीर’ही येतो, आणि तो बरेचदा कामाचा असतो. दुवा देतानाही मूळ नाव आणि वाक्यातलं रूप उभ्या रेघेनं वेगळं करायचं, म्हणजे वाक्य मराठी राहतं:

```
[[विसापूर प्रयोग|विसापूरच्या प्रयोगात]]
```

माझ्या यादीत एकूण ६१ ओळी जमल्या. या टप्प्याला क्रम लावायचा मोह होतो. तो टाळा, मथळेही देऊ नका. एकदा मथळे दिले की टिपणं त्या खणांत जाऊन बसतात आणि मग हलत नाहीत.

तिसरी पायरी: नावाचं विधान करणं

६१ पैकी निम्म्याहून अधिक टिपणांची नावं नुसती नामं होती: ‘पाझर तलाव’, ‘व्यवसाय कर’, ‘विसापूर प्रयोग’. नामाला ‘म्हणून’ लावता येत नाही. ‘पाझर तलाव, म्हणून व्यवसाय कर’ याला काही अर्थ आहे का? जोडशब्द दोन विधानांमध्येच उभा राहू शकतो. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक ओळीवर टिपणाच्या नावाआधी, ते टिपण काय म्हणतं ते एका पूर्ण वाक्यात लिहा. क्रियापद हवंच.

‘व्यवसाय कर’ची ओळ अशी झाली: ‘१९७५च्या व्यवसाय कराच्या कायद्यामुळे योजनेला दुष्काळ नसलेल्या वर्षीही पैसा मिळण्याची सोय झाली.’ ‘पाझर तलाव’ची अशी: ‘खर्चाचा मोठा वाटा अकुशल मजुरीवर जाईल अशीच कामं निवडली गेली; पाझर तलाव आणि नालाबांध त्यात बसत होते.’

काही टिपणांतून वाक्यच निघत नाही. ती टिपणं म्हणजे नुसती माहिती असते, किंवा आपण अजून विचार न केलेलं काहीतरी. माझ्याकडे ‘मिलो’ नावाचं टिपण होतं, त्या काळात रेशनवर मिळणाऱ्या आयात तांबड्या ज्वारीबद्दल. फार जिव्हाळ्यानं लिहिलेलं, कारण घरात मोठ्यांच्या तोंडून मिलोबद्दल खूप ऐकलेलं. पण माझ्या प्रश्नाला उत्तर देणारं एकही वाक्य त्यातून निघेना. ते यादीच्या तळाशी गेलं. दुसरीकडे, काही टिपणांतून दोन वाक्यं निघतात. तेव्हा टिपणाचेच दोन भाग करा. मजकूर निवडून `Extract current selection` ही आज्ञा दिली की नवं टिपण तयार होतं आणि जुन्या जागी त्याचा दुवा राहतो.

टिपण इंग्रजीत असेल आणि प्रबंध मराठीत, तर हे वाक्य याच वेळी मराठीत लिहा. पुढे ढकललंत तर मूळ अहवालाची वाक्यरचना तशीच प्रकरणात उतरते आणि ‘राबविण्यात आलेल्या उपाययोजनांच्या अंमलबजावणीद्वारे’ अशी ओळ होऊन बसते.

चौथी पायरी: दुव्यांवर जोडशब्द ठेवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मला तीन दिवस लागले होते.

एकमेकांना जोडलेली दोन विधानं घ्या, एकाखाली एक ठेवा आणि मधे कोणता शब्द बसतो ते बघा. बसला तर क्रमही त्याच शब्दानं ठरतो. ‘म्हणून’ बसला तर वरचं आधी, खालचं नंतर. ‘कारण’ बसला तर आधी परिणाम सांगून मग मागचं कारण उलगडायचं, असा तो क्रम. ‘पण’ बसला तर वाचकाच्या मनात वरचं विधान आधी पक्कं रुजलेलं असायला हवं, नाहीतर खंडन कशाचं हेच त्याला कळत नाही. ‘म्हणजे’ किंवा ‘उदाहरणार्थ’ बसला तर खालचं टिपण वरच्याच्या पोटात जातं, त्याला वेगळी ओळ नको.

आणि फक्त ‘आणि’ बसत असेल तर? तर तो दुवा निव्वळ विषयसाम्याचा आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यातल्या उड्या आता पुन्हा बघा. पाझर तलाव आणि नालाबांध, आणि खडी, आणि मुकादम, आणि हजेरीपट. सरांना जे खटकलं होतं ते हेच.

आता एक जोडी पूर्ण सोडवून दाखवतो, कारण ती सोडवताना अख्ख्या प्रकरणाचा घाट बदलला. एका बाजूला विसापूरचं टिपण. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं हे गाव. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची कल्पना १९६५मध्ये तिथे करून पाहिली. दुसऱ्या बाजूला १९७२-७३च्या दुष्काळी कामांचं टिपण, ज्यात मे १९७३मध्ये कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेल्याची नोंद. दोन्ही टिपणांत एकमेकांचे दुवे होते, पण का ते लिहिलेलं नव्हतं.

कालक्रमानं लावलं तर विसापूर आधी येतं, आणि मधे ‘म्हणून’ बसवायचा मोह होतो: विसापूरला प्रयोग झाला, म्हणून दुष्काळात कामं निघाली. हे चूक आहे. दुष्काळी कामं काढण्याची रीत विसापूरच्या कितीतरी आधीची, १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिशांनी ठरवलेल्या नियमांपासून चालत आलेली. उलट क्रम लावून ‘म्हणून’ बसवला तर तारखाच जुळत नाहीत. मग ‘पण’ घालून पाहिला: ‘दुष्काळी कामांवर लाखो मजूर आले, पण पाऊस आल्यावर ती बंद होणार हे ठरलेलंच होतं.’ हा ‘पण’ घट्ट बसला. त्यानं पुढचा प्रश्न उभा केला: मग ती कल्पना संपली का नाही? ‘कारण हंगामाशी न बांधलेली, मागेल त्याला काम देणारी एक योजना आधीच तयार होती.’ आणि इथे विसापूर आलं, दुष्काळानंतर, ‘कारण’च्या मागून. सात वर्षं आधी घडलेली घटना प्रकरणात नंतर आली, आणि तिथे ती नुसती पार्श्वभूमी न राहता उत्तर झाली.

इतिहासाच्या प्रकरणात अशा ठिकाणी भीती वाटते, की तारखा मागेपुढे झाल्या तर परीक्षक काय म्हणतील. एका वाक्यात ‘यासाठी आपल्याला १९६५कडे मागे जावं लागेल’ असं सांगितलं की वाचक निमूट मागे येतो. मात्र असं मागे जाणं एका प्रकरणात एकदाच, फार तर दोनदा. तिसऱ्यांदा गेलात तर कालक्रमच बरा.

पाचवी पायरी: गाळणं

आता ज्या ओळींना कुठलाच जोडशब्द लागला नाही, त्या फाइलच्या तळाशी ‘नंतर पाहू’ असं लिहून त्याखाली हलवा. पुसू नका. टिपण आपल्या जागी सुखरूप असतंच, इथून फक्त त्याचा उल्लेख हलतो. माझ्या ६१ पैकी २४ तिकडे गेल्या. त्यांतल्या नऊ पुढे मजुरांच्या रोजच्या जगण्यावरच्या प्रकरणात वापरल्या गेल्या, मिलोसुद्धा.

उरल्या ३७. त्यांतल्या सात ‘म्हणजे’ आणि ‘उदाहरणार्थ’नं दुसऱ्यांच्या पोटात गेल्या, आणि मुख्य ओळी राहिल्या ३०. हा आकडा शब्दमर्यादेशी ताडून बघा. प्रकरण ९,००० शब्दांचं असेल तर ३० विधानांना सरासरी ३०० शब्द मिळतात, म्हणजे एक ऐसपैस किंवा दोन आटोपशीर परिच्छेद. त्यात विधान, त्याचा पुरावा आणि पुढच्याशी सांधा, एवढं मावतं. ६० ओळी ठेवल्या असत्या तर प्रत्येकीला १५० शब्द, आणि पुराव्याला जागाच राहिली नसती. आराखडा फार भरलाय हे लिहायला बसण्याआधीच कळतं, ते असं.

सहावी पायरी: एका रांगेत लावणं

तीस ओळी आता वरखाली करून लावायच्या. यासाठी `Settings` मधल्या `Hotkeys` मध्ये `Move line up` आणि `Move line down` शोधून त्यांना सोयीच्या कळा नेमून घ्या. मी Alt आणि बाण नेमले. एका विधानाला एकच ओळ ठेवायचं कारण हेच, की ओळ उचलली की मुद्दा सबंध उचलला जातो.

दोन विधानांमध्ये जोडशब्द ठरलेला असेल तर त्यांचा क्रम ठरलेलाच आहे. अशा दोन-चार ओळींच्या साखळ्या आधी बनतात. मग साखळ्यांचा क्रम ठरवताना एकच विचारायचं: ही साखळी समजायला वाचकाला आधी काय माहीत असायला हवं? माझ्या आराखड्याचा मधला तुकडा असा होता:

```
- दुष्काळी कामं पाऊस येईपर्यंतच, ही जुनी रीत. [[दुष्काळ संहिता]]
- म्हणून १९७३च्या पावसानंतर ती आवरणार हे ठरलेलं. [[कामं बंद]]
- पण काम मागणं थांबलं नाही; मोर्चे निघत राहिले. [[मोर्चे]]
- आणि उत्तराचा नमुना आधीच होता, १९६५पासून. [[विसापूर प्रयोग]]
- पण नमुन्याला दरवर्षीचा पैसा नव्हता. %% भोक %%
- म्हणून १९७५चा व्यवसाय कर. [[व्यवसाय कर]]
```

चौथ्या ओळीत ‘आणि’ आहे. तो मुद्दाम ठेवला, कारण मागणी आणि नमुना ही दोन कारणं खरंच समांतर आहेत, एकातून दुसरं निघत नाही. ‘आणि’ वर्ज्य नाही. सलग तीन ओळींत ‘आणि’ आला तर मात्र थांबून बघायचं.

एकच टिपण दोन ठिकाणी हवंसं वाटतं, हा नेहमीचा पेच. माझं हजेरीपटाचं टिपण दुष्काळी कामांत हवं होतं, कारण एवढ्या मजुरांची मोजदाद त्यावर चालायची, आणि कायद्याच्या भागातही हवं होतं, कारण काम मागितल्याची आणि मिळाल्याची नोंद झाली नाही तर हक्क सिद्ध कशानं करणार? यावर माझा नियम असा: टिपणाचा पुरावा जिथे पहिल्यांदा लागतो तिथे त्याचं घर. दुसऱ्या जागी फक्त एक आठवणीचं वाक्य, नव्या पुराव्याशिवाय. दोन्हीकडे पुरावा दिलात तर दुसऱ्या वेळी वाचकाला वाटतं, हे आपण वाचलंय, आणि तो पानं चाळायला लागतो.

सातवी पायरी: भोकं शोधणं

वरच्या तुकड्यातल्या `%% भोक %%` या ओळीकडे लक्ष द्या. ‘नमुन्याला दरवर्षीचा पैसा नव्हता’ या विधानाला माझ्याकडे टिपणच नव्हतं. विसापूरवरून मी थेट व्यवसाय करावर आलो होतो, आणि टिपणांच्या जाळ्यात ती दोन्ही एकमेकांना जोडलेलीही होती. त्यामुळे तिथे काही कमी आहे हे कधी जाणवलंच नाही. मधे ‘म्हणून’ घालून वाचलं तेव्हा कळलं, की ‘विसापूरला प्रयोग झाला, म्हणून शहरातल्या पगारदारांवर कर बसला’ हे वाक्य लंगडं आहे. मधली पायरी माझ्या डोक्यात होती, कागदावर नव्हती.

टक्केवारीच्या खुणांमधला मजकूर वाचन-दृश्यात दिसत नाही, म्हणून तिथे स्वतःसाठी लिहून ठेवता येतं: काय शोधायचं, कुठे शोधायचं. मी लिहिलं, ‘विधिमंडळातली चर्चा, १९७३ ते ७५, खर्चाचा मुद्दा.’ ग्रंथालयात दोन दिवस बसून हे भोक बुजलं. चांगल्या आराखड्यात चार-पाच भोकं निघतात. एकही निघालं नाही तर जोडशब्द पुन्हा तपासा, कुठेतरी ‘म्हणून’ फुकट दिला गेलाय.

स्रोताची खूणही याच वेळी प्रत्येक ओळीवर चढवा, पान क्रमांकासकट. संदर्भ सांभाळणारं झोटेरो वापरत असाल तर `[@key, p. 42]` अशी, नसाल तर कुठल्याही ठरलेल्या पद्धतीनं. टिपणातला मुद्दा आराखड्यात आला आणि खूण मागेच राहिली, तर सहा महिन्यांनी ५० लाखांचा आकडा कुठून आणला हे शोधत बसावं लागतं.

आठवी पायरी: दोन परीक्षा

पहिली कानाची. दुवे आणि खुणा सोडून फक्त विधानं, जोडशब्दांसकट, मोठ्यानं वाचा. तीस ओळींना पाच-सहा मिनिटं लागतात. शक्य असेल तर विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी वाचून दाखवा. मी बहिणीला दाखवलं, ती बँकेत आहे. १९७७मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला आणि तो २६ जानेवारी १९७९पासून लागू झाला, या ओळीवर तिनं विचारलं, ‘योजना तर आधीच चालू होती ना? मग कायद्यानं नवीन काय दिलं?’ माझं उत्तर तिच्यापुढच्या चौथ्या ओळीत होतं: मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. वाचकाला प्रश्न पडतो त्या जागेपासून उत्तर चार ओळी लांब होतं. ती ओळ वर घेतली.

दुसरी परीक्षा अदलाबदलीची. शेजारच्या दोन ओळी उलट करा आणि वाचा. काहीच बिघडलं नाही, तर तो क्रम तुम्ही ठरवलेला नाही, तो योगायोगानं पडलाय. अशा जागी एक तर दोन्ही ओळी एकाच विधानात घ्या, नाहीतर कुणाचं कुणावाचून अडतं ते शोधा. सगळ्या ३० ओळी तपासायला एक संध्याकाळ पुरते.

नववी पायरी: मथळे, आणि मग लिहिणं

मथळे आता द्या, इतक्या उशिरा. रांग वाचताना जिथे प्रश्न बदलतो तिथे आपोआप खाच दिसते. माझ्या ३० ओळींचे पाच भाग पडले. कामापुरते मथळेही विधानंच ठेवा: ‘पार्श्वभूमी’ऐवजी ‘मदत पावसापर्यंतच: जुनी रीत’. विद्यापीठाच्या नमुन्यात ‘३.१ पार्श्वभूमी’ असंच हवं असेल तर ते छापण्याआधी बदलता येतं.

लिहिताना टिपणातला मजकूर आराखड्यात ओतू नका. `![[विसापूर प्रयोग]]` असं लिहून अख्खं टिपण फाइलमध्ये दाखवता येतं, आणि ते सोयीचंही वाटतं, पण दोन वर्षांत वेगवेगळ्या मनःस्थितीत लिहिलेले तीस तुकडे सलग वाचले की प्रत्येक जण आपापली सुरुवात आणि शेवट घेऊन आलेला दिसतो. सांधे कितीही बुजवले तरी दिसतात. मी पडद्याचे दोन भाग करतो. डावीकडे टिपण, उजवीकडे खर्डा. टिपण वाचायचं, मिटायचं, आणि आराखड्यातला जोडशब्द पहिल्या वाक्यात घेऊन परिच्छेद सुरू करायचा. अवतरण, आकडे आणि तारखा तेवढ्या टिपणातून जशाच्या तशा घ्यायच्या.

लिहिताना क्रम बदलावासा वाटेल, नवा मुद्दाही सुचेल. क्रम बदलायचा तर आधी आराखड्यात ओळ हलवा, तिच्या वरचा आणि खालचा जोडशब्द पुन्हा वाचा, मगच खर्ड्यातला परिच्छेद हलवा. एक ओळ हलली की दोन नाही, तीन सांधे बदलतात: जिथून ती गेली तिथला एक, आणि जिथे आली तिथले दोन. नवा मुद्दा सुचला तर खर्ड्यात घुसडण्याआधी त्याचं टिपण करा. शेवटच्या भागात मला असं सुचलं, की व्यवसाय कर शहरातल्या पगारदारांकडून येत असल्यामुळे, गावातल्या कामाचा खर्च शहर उचलतं, आणि हा बोजा शहरानं का मान्य केला हा वेगळाच प्रश्न आहे. तिसऱ्या प्रकरणात त्याला जोडशब्द सापडला नाही. ते टिपण आज माझ्या पाचव्या प्रकरणाच्या यादीत पहिल्या ओळीवर आहे.